अंडं किती घालायचं? खिमा कटलेट, कोफ्ते आणि वडे न फुटता तळण्यासाठी

आषाढ संपत आला, गटारी चार दिवसांवर आली, की मला घरच्या आणि शेजारच्या मंडळींचे फोन सुरू होतात आणि तक्रार दरवर्षी तीच असते. ‘कटलेट तव्यावर फुटले. एक अंडं घातलं होतं, मग दुसरं घातलं, तरी फुटले.’ दुसरं अंडं घातलं म्हणूनच ते फुटले, हे फोनवर पटवून देणं कठीण जातं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

मुख्य उदाहरण अर्धा किलो मटण खिम्याच्या कटलेटचं घेतलं आहे, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो. कोफ्ते आणि वड्यांचं गणित थोडं वेगळं आहे, ते शेवटी येईल.

## आधी एवढं लक्षात घ्या: भांड्यात अंडं धरून ठेवत नाही

अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. कच्चं अंडं मिश्रणात घातलं की मिश्रण सैल होतं, घट्ट होत नाही. अंड्याचं धरून ठेवण्याचं काम आचेवर सुरू होतं. पांढरं साधारण 62 अंशांच्या आसपास आळायला लागतं, बलक त्याच्यानंतर, आणि 70 अंशांच्या पुढे दोन्ही नीट घट्ट होतात. कटलेटच्या पोटात तेवढी उष्णता पोचेपर्यंत अंडं म्हणजे नुसता ओलावा.

याचा अर्थ कटलेटला दोन वेळा आधार लागतो. हातात घेतल्यापासून तव्यावर टेकेपर्यंत त्याला बटाटा, पाव किंवा मळलेला खिमा धरून ठेवतो. तव्यावर पहिली दोन-तीन मिनिटं गेली की पुढचा भार अंडं घेतं. हातातच विस्कटणाऱ्या मिश्रणाला अंड्याने आकार येणार नाही. त्याला पाणी कमी करणं हाच उपाय.

## 1. तयारी: अंडं फोडण्याआधी पाणी काढा

अर्ध्याहून जास्त कटलेट इथेच बिघडतात, म्हणून इथे घाई करू नका.

खिमा. आपल्याकडे खिमा घरी आणून धुण्याची सवय आहे. धुतलेला खिमा स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. शक्य असेल तर मटण धुऊन, निथळून मग खिमा करून घ्या. घरी धुवायचाच असेल तर बारीक जाळीच्या चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा आणि मग मूठ मूठ घेऊन दाबून पिळा.

कटलेटसाठी आपण खिमा बहुतेक वेळा आधी शिजवून घेतो. आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ घालून शिजवा. तो मऊ झाला की झाकण काढून मोठ्या आचेवर परता. भांड्याच्या तळाशी ओल राहता कामा नये. खिमा कालथ्याने एका बाजूला सारला की मोकळ्या जागेत पाणी झिरपून येता कामा नये, फक्त थोडं तूप-तेल चमकलं तरी चालेल. अर्धा किलो कच्च्या खिम्याचा असा कोरडा शिजवलेला खिमा साधारण साडेतीनशे ग्रॅम भरतो.

बटाटा. जुना, पिठूळ बटाटा घ्या. नवा बटाटा चिकट आणि पाणीदार असतो, त्याचे कटलेट मऊ पडतात. सालासकट उकडा, चिरून उकडू नका, कारण चिरलेल्या फोडी पाणी पितात. साल काढल्यावर दहा मिनिटं ताटात पसरून वाफ जाऊ द्या आणि मग पुरणयंत्रातून काढा किंवा किसणीवर किसा. मिक्सरमध्ये फिरवलात तर त्याचा डिंकासारखा गोळा होतो आणि तळल्यावर कटलेट आतून चिकट लागतात. अर्धा किलो खिम्याला पाव किलो उकडलेला बटाटा पुरे.

कांदा आणि हिरवा मसाला. कच्चा बारीक चिरलेला कांदा मिठाच्या सहवासात पाणी सोडतो, आणि तेही मिश्रण मळून झाल्यावर, आपण बेसावध असताना. त्यामुळे कांदा परतून घाला. कच्च्या कांद्याची चव हवीच असेल तर त्याला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. कोथिंबीर आणि पुदिना धुतल्यावर फडक्यावर कोरडा करून मगच चिरा. ओली कोथिंबीर मूठभर घातली तरी दोन चमचे पाणी सहज आत जातं.

> तपासा: खिमा, बटाटा, कांदा एकत्र करून अंडं न घालता एक गोळा मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे गोळ्यावर नीट उमटलेले दिसले आणि तळहात फक्त किंचित ओलसर राहिला, तर मिश्रण अंड्यासाठी तयार आहे. तळहाताला लगदा चिकटला तर त्यात अंडं घालू नका. आधी ताटात पसरून पंख्याखाली ठेवा किंवा परत कढईत परता.

> सावध: मिश्रण पूर्ण गार झालेलं असू द्या. गरम खिम्यात अंडं घातलं तर ते तिथेच आळतं, त्याची बुर्जी होते. तव्यावर उपयोगी पडेल असं मग त्यात काही उरत नाही.

## 2. खिमा कच्चा आहे की शिजवलेला, हे ठरवा

कच्च्या मांसाला मीठ लावून मळलं की त्यातली प्रथिनं सुटी होतात आणि खिमा स्वतःच चिकट होतो. आचेवर तीच प्रथिनं आळून सगळं एकत्र धरतात. म्हणजे कच्च्या खिम्याला स्वतःचा आधार असतो आणि अंडं त्याला फक्त मदत करतं. शिजवलेल्या खिम्यातली ही ताकद आधीच खर्च झालेली असते. तुम्ही तो कितीही मळा, तो रवाळच राहणार. त्याला धरून ठेवण्याचं सगळं काम बटाटा आणि अंडं यांच्याकडे जातं.

उकडलेल्या माशाचंही असंच आहे. सुरमई किंवा घोळ उकडून, काटे काढून कुस्करली की तिच्या सुट्या पाकळ्या होतात. त्यात बटाटा आणि अंडं दोन्ही लागतात. कच्च्या कोलंबीचे बारीक तुकडे मात्र मिठाबरोबर मळले की चिकट होतात, त्यांना अंडं अगदी कमी पुरतं.

एक अपवाद सांगायला हवा. खिमा मऊ व्हावा म्हणून त्याला कच्ची पपई लावून तासन्‌तास ठेवली असेल तर ती मांसाचे धागे तोडते. असा कच्चा खिमा मळून चिकट होत नाही, उलट लगदा होतो. कटलेट किंवा कोफ्ते करायचे असतील तर खिम्याला पपई लावूच नका. बारीक केलेल्या मांसाला तिची गरजही नसते.

## 3. अंडं मोजा, पण चमच्याने

‘एक अंडं’ हे काही माप नव्हे. बाजारातलं मध्यम अंडं टरफलासकट पन्नास ग्रॅमच्या आसपास असतं, फोडल्यावर साधारण पंचेचाळीस ग्रॅम. गावरान अंडं त्याहून बरंच लहान भरतं, मोठं अंडं दहा-बारा ग्रॅमने जास्त. त्यामुळे अंडं वाटीत फोडून फेटून घ्या आणि 15 मिलीच्या मोठ्या चमच्याने मोजा. एका मध्यम अंड्याचे तीन चमचे होतात.

माझं माप असं आहे: शिजवलेल्या खिम्याच्या किंवा माशाच्या शंभर ग्रॅम तयार मिश्रणाला अर्धा मोठा चमचा फेटलेलं अंडं. आपलं मिश्रण, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम खिमा, अडीचशे ग्रॅम बटाटा, परतलेला कांदा आणि कोथिंबीर धरून साडेसहाशे ते सातशे ग्रॅम होतं. त्याला तीन ते साडेतीन चमचे लागतील, म्हणजे साधारण एक अंडं. कमी-जास्त झालंच तर ते अर्ध्या चमच्याने होतं, अख्ख्या अंड्याने होत नाही.

कच्चा खिमा नीट मळलेला असेल तर त्याच्या निम्मं पुरतं. तरीही कोफ्त्यात मी अर्ध्या किलोला एक अंडं घालते, त्याचं कारण पुढे येईल.

मग पाककृतीत तीन अंडी का लिहिलेली असतात? कारण त्यातली दोन बाहेरून लावायची असतात. बरेच जण सामानाची यादी वाचतात, तीनही अंडी मिश्रणात फोडतात, मग मिश्रण पातळ झालं म्हणून पावाचा चुरा ओततात, आणि शेवटी पीठकट चवीचे कटलेट खातात. यादीतली अंडी आतली किती आणि बाहेरची किती, हे कृती शेवटपर्यंत वाचून आधी वेगळं करा.

जास्त अंडं पडल्याच्या खुणा ओळखता येतात. कटलेट तेलात पडताच कडेने पांढरा फेस आणि जाळीदार धागे सुटतात, कटलेट फुगतो आणि ताटात आल्यावर बसतो. चावताना खिमा मोकळा लागत नाही, रबरी लागतो आणि वास ऑम्लेटसारखा येतो. कमी अंड्याचा कटलेट वेगळ्या पद्धतीने बिघडतो. तो तळताना शाबूत राहतो पण उलटताना कडेला केसासारखी भेग पडते, आणि काट्याने तोडला की भुगा होतो.

फक्त बलक घातला तर? बलकात पाणी कमी आणि स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे मिश्रण सैल होत नाही आणि कटलेट मऊसर होतो, पण पकड थोडी कमी. मिश्रण आधीच ओलसर वाटत असेल तेव्हा अख्ख्या अंड्याऐवजी एक बलक घालणं हा चांगला मध्यममार्ग आहे. उरलेलं पांढरं बाहेरून लावायच्या अंड्यात टाका.

## 4. मिसळण्याचा क्रम

1. गार खिमा, किसलेला बटाटा, परतलेला कांदा, गरम मसाला, कोथिंबीर परातीत एकत्र करा. मीठ याच वेळी बघा. एकदा अंडं पडलं की कच्चं मिश्रण चाखायचं नाही.

2. अंडं वेगळ्या वाटीत फोडा, थेट परातीत नको. खराब निघालं तर अर्धा किलो मटण वाया जातं. काट्याने फेटा, पण फेस आणू नका. पांढरं आणि बलक एकजीव झालं, काटा उचलल्यावर लोंबणारा तुकडा राहिला नाही, की पुरे. न फेटता घातलेलं पांढरं मिश्रणात गाठीगाठीने बसतं. तळल्यावर तिथे पांढरा डाग दिसतो आणि कटलेट नेमका तिथून चिरतो.

3. आधी फक्त दोन चमचे अंडं मिश्रणावर सगळीकडे शिंपडल्यासारखं घाला आणि बोटांनी हलवून मिसळा. शिजवलेलं मिश्रण कणकेसारखं तिंबू नका, बटाटा चिकट होतो.

4. आता तीन मोठे चमचे पावाचा कोरडा चुरा घाला आणि दहा मिनिटं थांबा. चुरा ओल शोषायला वेळ घेतो. घातल्या घातल्या हात लावलात तर मिश्रण अजून सैल वाटेल, तुम्ही आणखी चुरा घालाल, आणि दहा मिनिटांनी ते कोरडं ठणठणीत होईल.

5. दहा मिनिटांनी पुन्हा मुठीची परीक्षा करा. गोळा दाबून चपटा केल्यावर कडेला भेगा पडल्या तर तिसरा चमचा अंडं घाला. भेगा नसतील तर तिसरा चमचा घालायचा नाही, मग अंडं वाटीत उरलं तरी उरू द्या.

> सावध: सैल मिश्रणाला मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करू नका. दोन चमच्यांनी फरक पडत नाही आणि चार चमच्यांनी कच्च्या पिठाची चव येते. चुरा किंवा भाजलेले पोहे कुटून घाला.

## 5. एक नमुना तळा

सगळे कटलेट थापायच्या आधी लिंबाएवढ्या गोळ्याची चपटी टिक्की करा आणि बाहेरून काहीही न लावता थोड्या तेलावर तळा. अंड्याचं प्रमाण नागड्या टिक्कीवरच कळतं, कारण बाहेरचं अंडं आणि रवा आतली चूक झाकतात.

दोन्ही बाजूंनी तळून झाल्यावर तिला दोन मिनिटं गार होऊ द्या आणि मधून मोडा. मोडताना तिने थोडा विरोध करावा आणि मग सरळ दोन तुकडे व्हावेत, तुकड्यांतून खिम्याचे कण गळू नयेत. भुगा झाला तर अर्धा चमचा अंडं वाढवा आणि पुन्हा एक नमुना तळा. लवचीक लागली, दाबल्यावर परत वर आली, तर अंडं जास्त आहे. मग उरलेला एखादा बटाटा किंवा बाजूला ठेवलेला मूठभर खिमा मिसळून प्रमाण खाली आणा. मी यासाठी शिजवलेला खिमा थोडा मागे ठेवतेच.

गेल्या वर्षीचा अनुभव सांगते. वीस माणसांसाठी दीड किलो खिम्याचे कटलेट करायचे होते. बटाटे नवे निघाले आणि वेळ नव्हता म्हणून नमुना तळला नाही. पहिल्या खेपेचे सहाही कटलेट तेलात उकलले. उरलेलं मिश्रण मोठ्या परातीत पसरून फ्रीजमध्ये तासभर उघडं ठेवलं, त्यातली ओल कमी झाली, चार चमचे चुरा घातला आणि बाकीचे सगळे नीट उतरले. अंड्याचा एक थेंबही वाढवला नव्हता.

## 6. आकार आणि विश्रांती

पन्नास ग्रॅमचे, म्हणजे मध्यम लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करा. सातशे ग्रॅममध्ये चौदा होतात. हाताला तेलाचा थेंब लावून गोळा आधी घट्ट वळा, मगच चपटा करा. गोळ्यात हवेची पोकळी राहिली तर तळताना वाफ तिथून वाट काढते. जाडी दीड सेंटिमीटरच्या आत ठेवा. जाड कटलेटच्या पोटात अंडं आळायच्या आधीच बाहेरचा भाग करपतो, तुम्ही तो काढता, आणि ताटात तो मधून खचतो.

कडेला पडलेली प्रत्येक भेग बोटाने बुजवा. मग कटलेट ताटात, एकमेकांना न चिकटता, फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. गारव्याने बटाटा आणि खिम्यातली चरबी घट्ट होते आणि तव्यावर अंडं आळेपर्यंत कटलेट आकार धरून ठेवतो. ही पायरी टाळायची असेल तर मग मिश्रणात काही कमी-जास्त करून उपयोग नाही.

## 7. बाहेरचं अंडं

आतल्या अंड्याचा आणि बाहेरच्या अंड्याचा हिशेब वेगळा ठेवा. चौदा कटलेटना बाहेरून दोन अंडी पुरतात. ती पसरट ताटलीत चिमूटभर मीठ घालून फेटा. मिठाने पांढरं पातळ होतं आणि पातळ, सारखा थर बसतो. तरी तार राहिली तर एक चमचा पाणी घाला.

नेहमीचा क्रम असा: कटलेट अंड्यात बुडवा, जादा अंडं निथळू द्या, मग चुऱ्यात किंवा बारीक रव्यात घोळवा आणि तळहाताने हलकं दाबा. आपल्याकडे किनारपट्टीवर आणि गोव्यात रवा जास्त चालतो, त्याने कुरकुरीतपणा टिकतो. चुरा लावला तर रंग लवकर येतो, म्हणून आच थोडी कमी ठेवावी लागते.

पारशी घरांतले जाळीदार कटलेट याच्या उलट होतात. तिथे आधी चुरा आणि अगदी शेवटी भरपूर फेटलेलं अंडं, आणि कटलेट अंड्यातून उचलून थेट गरम तेलात. कडेने अंड्याची लेससारखी झालर फुलते. ही झालर हवी असेल तर ती बाहेरच्या अंड्यातूनच आणायची. आतल्या मिश्रणातून फेस येऊन झालर दिसत असेल तर तो दोष आहे, सजावट नव्हे.

> तपासा: घोळवलेला कटलेट उभा धरून बोटाने हलकी टिचकी मारा. चुरा झडला तर अंडं नीट लागलेलं नाही. कोरडी जागा दिसली तर तिथून तेल आत शिरेल, पुन्हा अंड्याचा हात लावा.

## 8. तळणं

तव्यात किंवा पसरट पॅनमध्ये कटलेटच्या अर्ध्या जाडीपर्यंत तेल घ्या. चुऱ्याचा एक कण टाकला की तो लगेच तडतडत वर आला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. तेल थंड असेल तर बाहेरचं अंडं आळायच्या आधी सुटतं आणि चुरा तळाशी जमतो. एका वेळी चार-पाचच टाका. गार कटलेटनी पॅन भरलं की तेल थंडच होतं.

टाकल्यावर तीन मिनिटं हात लावू नका. बहुतेक कटलेट मिश्रणामुळे नव्हे, तर लवकर उलटल्यामुळे मोडतात. आतलं अंडं अजून पातळ असतं आणि कालथ्याचा धक्का लागतो. कडेचा खालचा अर्धा भाग सोनेरी झाला आणि पॅन हलकं हलवल्यावर कटलेट आपणहून सरकला, की उलटा. एकदाच उलटायचा. दुसऱ्या बाजूला पुन्हा तीन मिनिटं, मध्यम आचेवर. कागदावर न काढता जाळीवर काढा, नाहीतर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

## 9. कोफ्ते: इथे खिमा कच्चा आणि आच ओली

कोफ्त्याचं काम उलट टोकापासून सुरू होतं. अर्धा किलो कच्चा, दोनदा काढलेला, गार खिमा घ्या. आधी फक्त सव्वा छोटा चमचा मीठ घाला आणि तीन-चार मिनिटं जोर लावून मळा. खिमा फिकट दिसायला लागेल आणि तळहाताला चिकटेल. थोडा खिमा तळहातावर थापून हात उलटा करा, तो पडला नाही की मळणं झालं. मीठ आणि मळणं आधी, अंडं नंतर. अंडं आधी घातलं तर खिमा हातातून सटकत राहतो आणि त्याला पकड येत नाही.

मग आलं-लसूण, मसाला, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले पावाचे दोन स्लाइस आणि एक फेटलेलं अंडं घाला. मिसळेपर्यंतच हलवा. कच्च्या खिम्याला निम्मं अंडं पुरतं असं वर म्हटलं, पण रश्श्यात कोफ्त्याला तव्यासारखं कवच येत नाही आणि भिजवलेला पाव त्याला आतून मऊ करतो. ते दोन्ही सांभाळायला अख्खं अंडं लागतं. एकाहून जास्त मात्र नको.

नमुना इथेही करा, पण तळून नव्हे. छोट्या पातेल्यात पाणी उकळून आच मंद करा आणि एक कोफ्ता सोडा. पाणी गढूळ झालं आणि पांढरे धागे तरंगायला लागले तर अंडं जास्त किंवा मळणं कमी. पाणी जवळपास स्वच्छ राहिलं तर पुढे जा.

तीस ग्रॅमचे वीसेक कोफ्ते वळा. रस्सा आधी उकळू द्या, मग आच इतकी कमी करा की कडेलाच बुडबुडे येतील. कोफ्ते एकेक सोडा आणि सात-आठ मिनिटं चमचा घालू नका, हवं तर पातेलं दोन्ही हातांनी गोल हलवा. अंडं आणि खिमा दोन्ही आळल्यावर ते घट्ट होतात, मग झाकून पंधरा-वीस मिनिटं शिजवा. खळखळ उकळत्या रश्श्यात ते एकमेकांवर आपटतात आणि अंडं कितीही मापात असलं तरी कडा झिजतात.

## 10. भाजीचे वडे: इथे अंडं हेच पाणी

किसलेल्या दुधीचे, गाजराचे किंवा मक्याच्या दाण्यांचे चपटे वडे करताना अंडं पिठाला ओलवण्याचं कामही करतं. म्हणून प्रमाण वाढतं: पाव किलो भाजीला एक अंडं आणि चार मोठे चमचे पीठ (तीन बेसन, एक तांदळाचं). वेगळं पाणी घालायचं नाही. सगळ्यात सामान्य चूक तीच आहे. बेसन दिसलं की हात पाण्याकडे जातो.

दुधी किसून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा. अंडं फेटून त्यात पीठ घोळवा, दाटसर पेस्ट होईल, मग त्यात भाजी घाला. भाजीवर कोरडं पीठ आणि वरून अंडं असा क्रम घेतलात तर गुठळ्या होतात. मिश्रण चमच्यात उचलून तिरपं केलं की जड होऊन एका गोळ्याने पडावं. धार लागली तर एक चमचा बेसन, तिरप्या चमच्याला चिकटून बसलं तर एक चमचा फेटलेलं अंडं. कालवल्यावर लगेच तळायला घ्या, भाजी पाणी सोडतच राहते. शेवटच्या खेपेला तळाशी पाणी जमलं असेल तर ते ओतून टाका, त्यात पीठ मिसळू नका.

मका दळू नका. निम्मे दाणे ओबडधोबड ठेचले की त्यांचं दूध अंड्याला मदत करतं, अख्खे दाणे मात्र अंड्याच्या पकडीतून सुटून तेलात उडतात. कांदा भजीला अंड्याची गरज नाही, कांद्याने सोडलेलं पाणी आणि बेसन एवढ्यावर ती होते. त्यात अंडं घातलं तर ती मऊ, फुगीर होतात.

## उरलेलं मिश्रण

अंडं घातलेलं कच्चं मिश्रण ओट्यावर ठेवून पाहुण्यांची वाट बघू नका. लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी तळा. दुसऱ्या दिवसासाठी करायचं असेल तर खिमा आणि बटाटा तयार करून ठेवा, अंडं आणि चुरा तळायच्या तासभर आधी घाला. तळून गोठवायचे असतील तर कटलेट पूर्ण गार करून डब्यात कागद घालून रचा आणि गरम करताना मंद आचेवर तव्यावर ठेवा. कच्चे, घोळवलेले कटलेट गोठवले असतील तर ते न वितळवता थेट मंद तेलात टाका आणि प्रत्येक बाजूला दोन मिनिटं जास्त द्या. बाहेर वितळायला ठेवलेत तर चुऱ्याखालचं अंडं पाणी सोडतं आणि आवरण कातडीसारखं सुटून येतं.